‘किंवा इतर कोणतीही प्रक्रिया’: कायद्याच्या यादीतले शेवटचे शब्द

कापड गिरणीतल्या कामांची ही एक यादी आहे: ब्लीचिंग, मर्सरायझिंग, रंगाई, छपाई, वॉटरप्रूफिंग, रबरायझिंग, आटू नये म्हणून केलेली प्रक्रिया, ऑर्गंडी प्रक्रिया. आठ कामे झाली की यादीच्या शेवटी आणखी काही शब्द येतात, ‘किंवा इतर कोणतीही प्रक्रिया’. ही यादी केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्यात 1980 साली आली. सुती कापडावर यांपैकी काही केले तर त्याला ‘उत्पादन’ म्हणायचे आणि त्यावर शुल्क घ्यायचे, असा तिचा अर्थ. मोठमोठे वकील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले ते या आठ कामांसाठी नव्हे. वाद होता शेवटच्या शब्दांचा.

सिद्धेश्वरी कॉटन मिल्स या गिरणीने कापडावर आठांपैकी एकही काम केले नव्हते. मागावरून उतरलेले कोरे कापड तिने साध्या रुळांच्या यंत्रातून काढले होते. या कामाला कॅलेंडरिंग म्हणतात. एकमेकांवर घट्ट दाबलेल्या जड रुळांमधून कापड सरकते, त्याच्या सुरकुत्या जातात, धागे दबून सपाट होतात, हात फिरवला तर गुळगुळीत लागते, थोडी चमकही येते. कॅलेंडरिंग ही ‘इतर कोणतीही प्रक्रिया’ आहे, तेव्हा शुल्क भरा, असे उत्पादन शुल्क खात्याचे म्हणणे होते. गिरणीला ते मान्य नव्हते.

कायद्याच्या परीक्षेत असा प्रश्न चार पर्याय देऊन विचारतात, आणि या वादात ते चारही पर्याय खरोखरच मांडता येतात. पर्याय अ: ‘इतर कोणतीही’ म्हणजे अक्षरशः कोणतीही, कापडाला हात लावला की प्रक्रिया झाली. पर्याय ब: ‘इतर’ म्हणजे आठ कामांसारखी, म्हणजेच रसायन वापरून केलेली प्रक्रिया. पर्याय क: ‘इतर’ म्हणजे आठ कामांसारखीच, पण त्यांच्यातले साम्य रसायनाचे नसून परिणामाचे आहे, कापडात टिकाऊ बदल करते ती प्रक्रिया. पर्याय ड: आठ कामे हीच खरी यादी, शेवटचे शब्द केवळ खबरदारीसाठी आहेत, त्यांनी नवे काही जोडले जात नाही.

उत्तर शोधण्याआधी ही यादी कायद्यात का आली ते पाहायला हवे. त्याशिवाय चारांपैकी कोणत्याही पर्यायाचे वजन करता येत नाही.

उत्पादन शुल्क हा ‘उत्पादना’वरचा कर. उत्पादन झाले केव्हा म्हणायचे, याची न्यायालयांनी घालून दिलेली कसोटी साधी होती: जुन्या वस्तूतून नवी, वेगळ्या नावाची आणि वेगळ्या उपयोगाची वस्तू तयार झाली पाहिजे. कापसाचे सूत झाले, सुताचे कापड झाले, ही उत्पादने. पण कोऱ्या कापडाला रंग दिला तर? रंगवण्याआधी ते कापड होते, रंगवल्यावरही कापडच. गुजरात उच्च न्यायालयाने 1979 मध्ये विजय टेक्स्टाइल्सच्या खटल्यात हा युक्तिवाद मान्य केला आणि रंगाई-छपाई करणाऱ्यांकडून या प्रकारे शुल्क घेता येणार नाही असे ठरवले.

सरकारच्या दृष्टीने हा मोठा फटका होता. मागावर विणणारा एक, आणि ते कापड घेऊन रंगाई-छपाई करणारा दुसरा, अशी या धंद्याची विभागणी असते. इचलकरंजीत, भिवंडीत, सुरतेत यंत्रमाग एकाचे आणि प्रोसेस हाउस दुसऱ्याचे, हे नेहमीचे. प्रोसेसवरचे शुल्क गेले तर महसुलाचा मोठा ओघ आटला असता आणि आधी वसूल केलेली रक्कमही परत करायची वेळ आली असती. नोव्हेंबर 1979 मध्ये वटहुकूम निघाला, पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. त्या कायद्याने ‘उत्पादना’च्या व्याख्येत ही यादी घातली आणि तिचा अंमल मागच्या तारखेपासून केला. मुंबई उच्च न्यायालयाने न्यू शक्ती डाय वर्क्सच्या खटल्यात गुजरातपेक्षा वेगळे मत घेतले, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा वैध ठरवला. आठ कामांपुरता वाद मिटला. ‘इतर कोणतीही’चा उरला.

आता नियमाकडे. न्यायालयांच्या हाताशी शब्दांचे अर्थ लावण्याचे काही जुने लॅटिन नियम आहेत. त्यांतल्या एकाचे नाव ‘इजस्डेम जेनेरिस’, म्हणजे ‘त्याच जातीचे’. विशिष्ट वस्तूंची नावे आधी आली आणि त्यांच्यामागून व्यापक शब्द आले, तर त्या व्यापक शब्दांत आधीच्या वस्तूंच्या जातीतल्याच वस्तू येतात, असा हा नियम. सोसायटीच्या फलकावर ‘सोफे, कपाटे, पलंग, टेबले व इतर सामान जिन्यात ठेवू नये’ असे लिहिलेले असेल, तर दूधवाल्याने दारात ठेवलेली पिशवी त्यात येत नाही हे वाचणाऱ्याला लगेच कळते. ‘सामान’ या शब्दात पिशवी बसते. तिला बाहेर ठेवतात ते आधीचे चार शब्द, कारण वाट अडवणाऱ्या अवजड वस्तूंबद्दल तो फलक बोलतो आहे.

या नियमामागे एक तर्क आहे आणि तो समजला की नियम पाठ करावा लागत नाही. कायदा करणाऱ्याला ‘सगळे’ म्हणायचे असते तर तो नुसते ‘सामान’ म्हणून थांबला असता. त्याने चार नावे घेण्याचे कष्ट घेतले आहेत. व्यापक शब्दाचा अर्थ अमर्याद केला तर ती चार नावे निरर्थक ठरतात, आणि विधिमंडळाने वापरलेला शब्द वाया गेला असे न्यायालय सहजासहजी मानत नाही. उलट, शेवटचे शब्द रिकामे आहेत असे म्हटले तर ते शब्द वाया जातात. दोन्ही बाजूंच्या शब्दांना काम मिळाले पाहिजे, आणि ते द्यायचे तर दोघांमधली सामाईक जात शोधावी लागते.

मात्र हा नियम कुठेही लावता येत नाही. त्याच्या अटी सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये त्रिपुरातल्या एका अबकारी परवान्याच्या खटल्यात, अमरचंद्र चक्रवर्ती प्रकरणात, एकत्र मांडल्या. विशिष्ट शब्दांची यादी हवी. त्या शब्दांची मिळून एक जात बनायला हवी. यादीने ती जात संपून जाता कामा नये. व्यापक शब्द यादीच्या मागून यायला हवेत. आणि विधिमंडळाला काही वेगळेच म्हणायचे आहे, अशी खूण कायद्यात इतरत्र नसावी. या पाचांतली एकही अट निसटली तर नियम लागत नाही. त्या खटल्यात तसेच झाले. परवाना रद्द करण्याची कारणे एका कलमात होती आणि पुढच्या कलमात ‘त्यांखेरीज अन्य कोणत्याही कारणासाठी’ परवाना परत घेण्याचा अधिकार होता. परवानाधारकाने ‘त्याच जातीचे’ हा नियम पुढे केला. न्यायालयाने तो लागू होत नाही असे सांगितले.

आता गिरणीचे प्रकरण या अटींवर तपासता येते. यादी आहे, व्यापक शब्द शेवटी आहेत, आठ नावांत कापडावरची सगळी कामे संपत नाहीत. उरला कळीचा मुद्दा: या आठांची जात कोणती? येथे कायद्याचे पुस्तक बाजूला ठेवून गिरणीत डोकावावे लागते.

ब्लीचिंगमध्ये कापडाचा नैसर्गिक पिवळसरपणा रसायनाने घालवतात. एकदा गेलेला रंग परत येत नाही. मर्सरायझिंगमध्ये ताणून धरलेले सुती कापड कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणातून काढतात. कापसाचा तंतू मुळात पिळलेल्या चपट्या फितीसारखा असतो. सोड्यात तो फुगून गोलसर होतो, त्याला चमक येते, ताकद वाढते, रंगही अधिक चांगला धरतो. जॉन मर्सर या इंग्रज कारागिराने एकोणिसाव्या शतकात शोधलेल्या या प्रक्रियेची चमक धुण्याने जात नाही, कारण तंतूच बदललेला असतो. ऑर्गंडी प्रक्रियेत तलम सुती कापड थोडा वेळ तीव्र आम्लातून काढतात, त्याने ते कडक आणि पारदर्शक होते. वॉटरप्रूफिंगमध्ये आणि रबर चढवण्यात कापडावर बाहेरचा पदार्थ बसतो. रंगाई आणि छपाई तर सर्वांच्या ओळखीची.

इथवर आले की पर्याय ब बरोबर वाटू लागतो. सोडा, आम्ल, रंग, रबर, ब्लीच: जात रसायनाची दिसते, आणि कॅलेंडरिंगमध्ये रसायन नाही, तेव्हा ते बाहेर. पण आठांतले एक नाव या जातीत नीट बसत नाही. कापड आटू नये म्हणून करायची प्रक्रिया यंत्रानेही करता येते. सॅनफोरायझिंग नावाच्या प्रसिद्ध पद्धतीत कापड ओलसर करून रबरी पट्ट्यावर लांबीच्या दिशेने आधीच दाबून आखडतात, म्हणजे पुढे धुतल्यावर ते आखडत नाही. त्यात रसायनाचा आधार घ्यावाच लागतो असे नाही. काम होते ते वाफ, दाब आणि उष्णता यांवर. रसायन हीच जात मानली तर यादीतलेच एक नाव यादीबाहेर पडते. जी जात आपल्याच सदस्याला सामावून घेत नाही, ती जात चुकीची ओळखली गेली आहे. यादी वाचणाऱ्याची सर्वांत नेहमीची चूक हीच: पहिल्या तीन-चार नावांवरून जात ठरवून टाकायची आणि उरलेल्या नावांवर ती ताडून पाहायची नाही.

मग यंत्रही चालते आणि रसायनही चालते, तर साम्य कशात? परिणामात. आठही कामांनंतर कापड पुन्हा पूर्वीचे होत नाही. ब्लीच केलेले पुन्हा कोरे होत नाही, मर्सराइझ केलेला तंतू पुन्हा चपटा होत नाही, आधीच आखडलेले कापड पुन्हा आटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये हाच धागा पकडला. न्यायमूर्ती एम. एन. वेंकटचलय्या यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, यादीतली कामे कापडात रसायन घालून किंवा अन्य रीतीने टिकाऊ स्वरूपाचा बदल घडवतात, आणि ‘इतर कोणतीही प्रक्रिया’ म्हणवून घ्यायची तर त्या प्रक्रियेतही यांपैकी काही वैशिष्ट्य असायला हवे. ‘किंवा अन्य रीतीने’ हे शब्द महत्त्वाचे. त्यांच्यामुळे पर्याय ब गळतो आणि पर्याय क उरतो.

पर्याय अ का नाही? एक कारण वर आले: तो घेतला तर आठ नावांना काही काम उरत नाही. दुसरे अधिक व्यावहारिक आहे. कापडाची घडी घालणे, ते मोजून कापणे, गाठी बांधणे यांनाही कुणी प्रक्रिया म्हणू शकेल, आणि मग बाजारात जाणारा प्रत्येक तागा पुन्हा एकदा ‘उत्पादित’ ठरेल. खात्याच्या बाजूनेही एक मुद्दा होता, आणि तो हलका नव्हता: व्याख्येत ‘म्हणजे’ असा शब्द नसून ‘यात समावेश होतो’ असा आहे, आणि समावेशक व्याख्या अर्थ रुंदावण्यासाठीच असते. हे खरे आहे. व्याख्येने अर्थ रुंदावलाच; रंगाई पूर्वी उत्पादन नव्हती, ती झाली. पण रुंदावलेल्या दारालाही चौकट असते आणि ती चौकट आठ नावांनी घातली आहे.

पर्याय ड फार वेळ घेत नाही. विधिमंडळाने ‘किंवा इतर कोणतीही’ असे लिहिले ते उद्या नवी प्रक्रिया निघेल म्हणूनच. ते शब्द पुसून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला नाही.

उत्तर क. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ‘कॅलेंडरिंगवर शुल्क नाही’ असे थेट सांगितले नाही, हे या निकालातले सर्वांत शिकण्यासारखे वळण. नियमाने प्रश्न कोणता ते ठरवले, उत्तर ठरवले नाही. साध्या रुळांनी आलेली चमक टिकते की धुतल्यावर जाते, हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता, आणि ज्या न्यायाधिकरणाने आधी खात्याच्या बाजूने निकाल दिला होता त्याने शब्दाचा अर्थ रुंद धरल्यामुळे या प्रश्नाचा नीट शोध घेतला नव्हता. म्हणून प्रकरण परत पाठवले गेले. कॅलेंडरिंगचे प्रकारही अनेक असतात. नुसत्या दाबाने आलेली चमक एक, आणि कापडावर आधी राळेसारखा पदार्थ चढवून, मग कोरीव रुळांनी दाबून पक्की केलेली चमक दुसरी. पहिलीचे कापड धुतले की मूळ रूपाकडे परततात. दुसरीचे बराच काळ टिकते. नाव एकच, पण नव्या कसोटीवर दोघांचे उत्तर वेगळे येऊ शकते.

या निकालात दुसऱ्या एका लॅटिन नियमाचाही विचार आहे. त्याचे नाव ‘नॉसिटर अ सोसिस’: शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा. ‘त्याच जातीचे’ हा नियम म्हणजे या मोठ्या नियमाचीच एक ठरावीक शाखा. शाखेला यादी आणि यादीच्या शेवटी व्यापक शब्द, दोन्ही लागतात. मोठ्या नियमाला शेवटच्या व्यापक शब्दांची गरज नाही. दोन-तीन शब्द शेजारी बसले असले आणि त्यांतल्या एकाचे दोन अर्थ होत असले, की तो नियम कामाला येतो.

त्याचे सुरेख उदाहरण लुधियानातून आले. पंजाबच्या विक्रीकर कायद्यात जास्त दराच्या वस्तूंच्या यादीत एक नोंद होती: सौंदर्यप्रसाधने, सुगंधी द्रव्ये आणि प्रसाधनाच्या वस्तू, मात्र टूथपेस्ट, दंतमंजन, कुंकू आणि साबण वगळून. परदीप अगरबत्ती या उत्पादकाच्या मालावर विक्रीकर खात्याने ‘सुगंधी द्रव्ये’ म्हणून हा दर लावला. धूप आणि अगरबत्तीला सुगंध असतो यात शंका नाही, आणि शब्दकोश उघडला तर खात्याला आधार मिळण्यासारखा होता. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये शब्दकोशाऐवजी नोंद पाहिली. करकायद्यात काही वस्तू एकट्या नोंदवलेल्या असतात, काही गटाने. गटाने आलेल्या शब्दांवर एकमेकांचा रंग चढतो, असे न्यायालयाने म्हटले. येथे सुगंधी द्रव्याच्या एका बाजूला सौंदर्यप्रसाधने आहेत, दुसऱ्या बाजूला प्रसाधनाच्या वस्तू. सगळ्या माणसाने अंगाला लावायच्या. अत्तर त्यात येते. अगरबत्ती अंगाला लावत नाहीत, म्हणून ती येत नाही. जे पदार्थ मुद्दाम वगळले तेही नीट पाहण्यासारखे आहेत: दात, कपाळ, त्वचा. कुंकू मूळ नोंदीत येऊ शकते असे वाटले म्हणूनच ते वगळावे लागले. देवघरातली अगरबत्ती वगळण्याची गरज कायदा लिहिणाऱ्याला भासली नाही. वगळलेल्या नावांवरूनही नोंद कशाविषयी आहे ते कळते, हा धडा यादी वाचताना फार उपयोगी पडतो.

दोन्ही खटल्यांत सोबत्यांनी शब्दाला आवर घातला आणि कर भरणाऱ्याला दिलासा मिळाला. त्यावरून हे नियम नेहमी अर्थ आखूडच करतात असा समज होईल, तो बरोबर नाही. त्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने सर्वांत ठामपणे सांगितली ती मुंबईतल्या एका प्रकरणात, आणि ती सांगणारे न्यायमूर्ती सातारचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर होते.

जे. जे. रुग्णालयाच्या समूहातल्या दोन वॉर्ड सेविकांना 1954 मध्ये कामावरून कमी करण्यात आले. औद्योगिक विवाद कायद्याने कपात करताना जी भरपाई आधी द्यायला हवी, ती दिली गेली नव्हती. हॉस्पिटल मजदूर सभा ही संघटना त्यांच्या बाजूने न्यायालयात गेली. मुंबई राज्याचे उत्तर होते की, रुग्णालय हा ‘उद्योग’च नाही, तेव्हा तो कायदा लागत नाही. कायद्यातली उद्योगाची व्याख्या पुन्हा एक यादी होती: मालकांच्या बाजूने धंदा, व्यापार, उपक्रम, उत्पादन, व्यवसाय, आणि ‘यात समावेश होतो’ असे म्हणून कामगारांच्या बाजूने नोकरी, सेवा, हस्तकला आणि इतर काही. राज्याने नेमका सोबत्यांचा नियम पुढे केला. ‘उपक्रम’ हा शब्द धंदा आणि व्यापार यांच्या पंगतीत बसला आहे, म्हणून उपक्रम म्हणजे नफ्यासाठी चालवलेला उपक्रम. मोफत उपचार करणारे सरकारी रुग्णालय त्यात कसे येईल?

ऐकायला हा युक्तिवाद अगरबत्तीच्या युक्तिवादाइतकाच सरळ वाटतो. न्यायालयाने 1960 मध्ये तो फेटाळला. कारण असे दिले की, सोबत्यांचा नियम अर्थ लावण्याचे एक साधन आहे; विधिमंडळाचा हेतू संदिग्ध असेल तेव्हाच ते हाती घ्यायचे. विधिमंडळाने शेजारच्या शब्दांपेक्षा रुंद शब्द मुद्दाम वापरला आहे हे दिसत असेल, तर शेजाऱ्यांच्या मापाने तो कापायचा नाही. या व्याख्येतले शब्द एकामागून एक रुंद होत जातात, तिच्यात समावेशक भाग आहे, आणि कायद्याचा उद्देश मालक व कामगार यांच्यातले तंटे सोडवण्याचा आहे. संघटितपणे, मालक आणि नोकर यांच्या सहकार्याने, लोकांना सेवा पुरवणारे काम उपक्रम होऊ शकते. नफा असलाच पाहिजे असे नाही. वॉर्ड सेविकांची बाजू टिकली.

अगरबत्ती आणि रुग्णालय यांत फरक कुठे पडला, हे नीट पाहिले पाहिजे. पंजाबच्या नोंदीत वगळलेल्या वस्तूंसकट प्रत्येक शब्द एकाच दिशेला, माणसाच्या शरीराकडे, बोट दाखवत होता. उद्योगाच्या व्याख्येत तसे एक बोट नाही. धंद्यापाशी नफा आहे, पण सेवा आणि नोकरीपाशी तो असेलच असे नाही. सगळे सोबती एकमताने बोलत नसतील तर त्यांच्यावरून कुणाची ओळख पटवायची? शिवाय करकायदा आणि कामगारांच्या संरक्षणाचा कायदा यांचे हेतूही एक नाहीत, आणि शब्द वाचताना हेतू बाजूला ठेवता येत नाही.

हा प्रश्न इतका सहज मिटला नाही हे मात्र खरे. सर्वोच्च न्यायालयानेच 1970 मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात उलट भूमिका घेतली. 1978 मध्ये बंगळुरू पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सफदरजंग रद्द ठरवून मजदूर सभेचा रुंद अर्थ पुन्हा उभा केला. त्याच शब्दांवर, त्याच नियमाने, तीन पीठांनी दोन वेगळी उत्तरे दिली. लॅटिन नाव उच्चारले की उत्तर आपोआप बाहेर पडते असे मानणाऱ्याने हा इतिहास वाचावा.

संसदेने शेवटी यादीच बदलली. 1982 च्या दुरुस्तीत धंदा-व्यापार-उपक्रम ही मालिका काढून ‘मालक आणि कामगार यांच्या सहकार्याने चालणारे पद्धतशीर काम’ अशी व्याख्या लिहिली गेली आणि रुग्णालये तिच्यातून वगळली गेली, पण व्याख्येची ही दुरुस्ती कधी अमलातच आणली गेली नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत मात्र पद्धतशीर कामाचीच व्याख्या आहे. तिच्याबरोबर वगळण्याची नवी यादी आली आहे: धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था, शासनाची सार्वभौम कामे, घरगुती नोकरी आणि शेवटी केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील असे ‘इतर कोणतेही काम’. या नावांची एक जात बनते का, आणि बनत असेल तर सरकारने उद्या एखादे काम अधिसूचनेने वगळताना ते त्या जातीतले असायला हवे का, हा वाद कामगारांच्या वकिलांपुढे आता उभा आहे.